तरुण गोंधळ्यासाठी चित्रपटांची यादी : प्रकल्प नोंदी

२ जून, लातूर

लग्नसराई आटोपत आली. आता आषाढ-श्रावणात गोंधळाच्या सुपाऱ्या जवळजवळ नसतात, म्हणून तुळजापूरकडचा तो पोरगा निवांत आहे. घरात पिढीजात गोंधळ. वडील नाईक, म्हणजे मुख्य कथा सांगणारे, चुलते संबळावर, हा तुणतुण्यावर आणि झील धरायला. इथं बी.ए.ला आहे. माझ्याकडं वाचनालयात पुस्तकं बदलायला येतो. आज टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "सर, आमच्यात गाण्यातनं गोष्ट सांगत्यात. पिक्चरात गाणं आलं की गोष्ट थांबती. सगळीकडंच असंच असतंय का?"

प्रश्न चांगला आहे, आणि 'शंभर उत्कृष्ट संगीतपट' छापाची यादी देऊन त्याचं उत्तर होणार नाही. त्याला गाण्यातून कथा म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चौक मांडला, दिवटी पेटली, गण झाला, देवदेवतांना गोंधळाला बोलावून झालं, की नाईक आख्यानाला हात घालतो. थोडं गद्यात सांगायचं, मग चालीवर यायचं, मधेच साथीदार खुळ्यासारखा प्रश्न विचारतो, लोक हसतात आणि नाईक तोच प्रश्न धरून कथा पुढं नेतो. हे ज्याच्या कानात आहे त्याला 'गाणी छान आहेत' एवढ्यावर चित्रपट सुचवणं म्हणजे शेतकऱ्याला बियाणं पिशवीवरचं चित्र बघून घ्यायला सांगणं.

तेव्हा काम असं ठरवलं : त्याच्यासाठी आठ-नऊ चित्रपटांची यादी, पण क्रम लावलेली, आणि प्रत्येकापुढं काय बघायचं ते लिहिलेलं. एकेक बघून मगच पुढचा ठरवायचा. बघायचं माझ्या घरी. वाचनालयात जाहीर खेळ लावायचा तर हक्क असणाऱ्यांची परवानगी काढावी लागते, त्या भानगडीत पडायचं नाही.

५ जून

यादीआधी चाळणी ठरवली. कुठलंही गाणं घ्या आणि तीन गोष्टी विचारा. गाणारा कोण? ऐकणारा कोण? आणि गाणं सुरू होताना जी परिस्थिती होती ती संपताना तशीच आहे का?

तिसरा प्रश्न सोप्या रीतीनं तपासता येतो. गाणं पुढं ढकलून थेट नंतरचा प्रसंग लावायचा. काहीच अडलं नाही तर ते गाणं कथेच्या कामाचं नव्हतं. वाईट होतं असं नाही; कामाचं नव्हतं.

त्याला नमुना म्हणून 'लगान' (२००१) मधलं 'घनन घनन' लावून दाखवलं. सुरुवातीला दुष्काळानं कावलेलं गाव, मग क्षितिजावर ढग, गाव नाचायला लागतं. नाच रंगात येतो आणि ढग न बरसता निघून जातात. गाणं सुरू झालं तेव्हा गावाकडं नुसती काळजी होती, संपलं तेव्हा आशा करून फसलेलं गाव आहे. पुढं दुप्पट लगानाची बातमी येते ती या गावावर येते. गाणं कापा, बातमी तीच राहील, पण तिचा मार निम्मा होईल. नाच इथं शोभेचा नाही, कारण लोकांनी जितकं जोरात नाचावं तितकं नंतर खाली पडायचं आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही. पोरगा म्हणाला, "आमच्याकडं मृगात असंच होतंय की दरसाली, फक्त नाचत नाय कुणी."

११ जून

'पिंजरा' (१९७२). व्ही. शांताराम, संगीत राम कदम, गीतं जगदीश खेबुडकर. हा त्यानं टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिलेला, म्हणजे गाणी पाहिलेली आणि मधलं सोडलेलं. यावेळी उलटं सांगितलं : गाण्यात बाईकडं बघू नकोस, समोर बसलेल्या माणसांकडं बघ.

'पिंजरा'तली बहुतेक गाणी फडावरची आहेत. पात्रं आपल्या मनातलं एकमेकांना गाऊन सांगत नाहीत. नाचणारीचा तो धंदाच आहे, ती गाते. म्हणजे वरवर बघता कथेचा आणि गाण्याचा संबंध नाही, तमाशा दाखवायचा म्हणून तमाशा. पण गावातले गुरुजी तमाशाच्या विरोधात उभे राहतात, फड उठवतात, आणि चंद्रकला त्यांना याच बोर्डावर आणायचा विडा उचलते. तिथून पुढं लावणी सगळ्या सभेसमोर होत असली तरी तिचा रोख एका माणसावर आहे. शब्द नेहमीचे, शृंगाराचे, कुठल्याही फडात चालतील असे. बदलतो तो ऐकणारा. आधी तो तिथं नाहीच, मग लांबून ऐकतो, मग लपून, मग समोर बसून, आणि शेवटी फडातच उभा राहतो. माणूस घसरत गेला हे सांगणारं एकही भाषण लागत नाही. लावणी चालू असताना तो कुठं आहे एवढं पाहिलं की कळतं.

हे त्याला लगेच पटलं, कारण गोंधळातही ऐकणारा कथेच्या बाहेर नसतो. यजमानाचं कुळ, त्याचा कुलस्वामी, घरातलं कार्य हे सगळं नाईक आख्यानात ओवून घेतो. तेच आख्यान दुसऱ्या घरी वेगळं लागतं.

गण-गवळण-बतावणी-वग हा तमाशाचा क्रम मात्र 'पिंजरा'त शोधत बसू नये. चित्रपटाला हवे तेवढेच तुकडे घेतलेत. वग तर जवळजवळ नाहीच, आणि हे चुकून झालेलं नाही असं मला वाटतं. गुरुजींवर शेवटी गुरुजींच्याच खुनाचा खटला चालतो. वगात शोभावं असं हे कथानक फडावरून उचलून फडाबाहेरच्या माणसांना दिलंय.

यादीत पहिल्या तिघांत ठेवायचा.

१४ जून

'नटरंग' (२०१०) 'पिंजरा'नंतर लगेच दाखवला. गणापासून गवळणीपर्यंत रीतसर आहे, अजय-अतुलचं संगीत जोरकस, आणि कुस्तीगीर गुणाचा नाच्या होतो तो प्रवास अतुल कुलकर्णीच्या अंगात दिसतो. पण चाळणी लावली तर गंमत होते : लोकांच्या तोंडी असलेल्या दोन्ही लावण्या उचलून ठेवल्या तरी गुणाची गोष्ट अडत नाही, आणि 'खेळ मांडला' काढलं तर अडते. तिथं कुणी कुणासमोर गात नाही. पडद्यावर माणूस कोसळतोय आणि गाणं बाहेरून, जवळजवळ देवाशी भांडल्यासारखं येतं. पोरगा म्हणाला, हे आमच्या जवळचं आहे.

ठेवायचा, पण 'पिंजरा'च्या पाठोपाठ नको. दोन तमाशापट सलग पाहिले की दुसऱ्याची उगाच तुलना होत राहते.

२२ जून

पेरण्या सुरू झाल्या, तो गावी गेलेला. परत आल्यावर 'जैत रे जैत' (१९७७).

गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गीतं ना. धों. महानोरांची, म्हणजे आपल्या पळसखेडची, अजिंठ्याच्या पायथ्याची. ठाकर समाजातला भगताचा पोरगा नाग्या. त्याला पुण्यवंत व्हायचंय, लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी बघायचीय. माश्यांमुळं डोळा जातो आणि भक्तीच्या जागी सूड येतो. चिंधी नवऱ्याला सोडून त्याच्याकडं येते.

याला मी मराठीतला खरा संगीतपट म्हणतो, कारण गाणी पात्रांच्या धंद्याची नाहीत, करमणुकीची नाहीत. कथेचे मोठे टप्पेच गाण्यावर टाकलेत. चिंधीचं 'मी रात टाकली' घ्या. बाईनं जुना संसार टाकला हे सांगायला दुसऱ्या कुणी पंचायत, भांडण, रडारड असे दोन-तीन प्रसंग घातले असते. इथं ती कात टाकते, शेतशिवारातून पळते, गाणं संपतं तेव्हा तिचा निर्णय होऊन गेलेला असतो आणि आपण त्यावर वाद घालायच्या पलीकडं गेलेलो असतो.

अडचण एकच : आजच्या डोळ्याला सुरुवातीचा वेग संथ वाटतो, आणि गाण्यांचे शब्द नीट ऐकले नाहीत तर धागा सुटतो. उपाय सोपा आहे. आवाज मोठा ठेवायचा, मोबाईल दुसऱ्या खोलीत. महानोरांच्या ओळी पार्श्वसंगीत समजून ऐकल्या तर हा चित्रपट अर्धाच दिसतो.

३० जून

आता परदेशी. इथं खरी अडचण भाषेची. त्याचं इंग्रजी वाचन सावकाश, आणि संगीतपटांच्या उपशीर्षकांत एक खोड असते : संवादांखाली ओळी येतात, गाणं लागलं की गायब. आपल्याकडच्या चित्रपटांच्या परदेशी प्रतींतही हे होतं. जिथं गाण्यातच कथा आहे तिथं हे म्हणजे आख्यान कापून नुसती आरती दाखवणं. म्हणून कुठलीही प्रत घेण्याआधी एक गाणं लावून खाली ओळी येतात का ते बघायचं. संवादावर तपासू नये, तिथं त्या येतातच.

'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबर्ग' या फ्रेंच चित्रपटासाठी मी स्वतः मराठी ओळींची फाईल करायला घेतली. साधी मजकुराची फाईल, नाव चित्रपटाच्या फाईलचंच, शेवटी `.srt`. एकेक नोंद अशी :

```
12
00:03:05,000 --> 00:03:08,500
मला ऑपेरा आवडत नाही.
सिनेमा बरा.
```

आकडा, वेळ, मजकूर, मग एक ओळ मोकळी. मोकळी ओळ सोडायची राहिली की पुढची नोंद मागच्याला चिकटते. जतन करताना UTF-8 निवडायचं; नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात, आणि पहिल्याच ओळीला ते कळतं. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, त्याही आखूड. गाणं ऐकत, तोंडं बघत वाचायचं असतं. सगळे शब्द आणायचा हट्ट धरला तर माणूस खालीच बघत बसतो. यमक जुळवायला गेलो नाही. कोण काय मागतोय आणि कोण काय नाकारतोय, एवढं आलं की पुरे.

६ जुलै

'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबर्ग' (१९६४). दिग्दर्शक जाक देमी, संगीत मिशेल लग्राँ. त्या वर्षी कानच्या महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक याला मिळालं.

यात बोललेला संवाद एकही नाही. सगळं गाऊन. गाडीची दुरुस्ती, दुकानाचं देणं, जेवायला काय आहे, सगळं. सुरुवातच गॅरेजमध्ये होते, कामगार संध्याकाळचे बेत सांगताहेत आणि त्यातला एक गातच म्हणतो की आपल्याला ऑपेरा आवडत नाही, सिनेमा बरा. देमीनं प्रेक्षकाच्या मनातली शंका पहिल्या काही मिनिटांतच त्याच्या तोंडून काढून घेतलीय. आपला साथीदार खुळा प्रश्न विचारतो ना, तेच काम.

कथा इतकी साधी की दोन ओळींत मावते. छत्र्यांच्या दुकानातली सतरा वर्षांची जनव्हिएव आणि मेकॅनिक गी. त्याला सैन्यात बोलावणं येतं, अल्जीरियाचं युद्ध. ती गरोदर. पत्रं कमी होत जातात, आईवर दुकानाच्या देण्याचं ओझं, एक श्रीमंत जवाहिऱ्या मागणी घालतो आणि ती होकार देते. गी परत येतो, त्याचंही दुसरीकडं लग्न होतं. कुणी दुष्ट नाही. १९५७ च्या नोव्हेंबरला सुरू होऊन १९६३ च्या डिसेंबरात, त्याच्या पेट्रोल पंपावर, बर्फात संपतो.

पहिली पंधरा-वीस मिनिटं पोरगा चुळबुळत होता. "सर, हे कशाला गायलेत? नुसतं सांगितलं तरी चाललं असतं." बरोबर आहे, आणि हीच या प्रकाराची पायरी आहे. आपल्याकडं गद्य आणि चाल यांत फरक असतो, म्हणून चालीवर आलं की कान टवकारतात. इथं सगळंच चालीवर, मग जोर कशानं कळणार? तो कळतो परत येणाऱ्या सुरावटींनी. स्टेशनवर निरोप घेताना जी सुरावट येते तीच शेवटी पंपावर येते, तेव्हा दोघं बोलतात ते अगदी किरकोळ. तोंडात व्यवहाराचे शब्द, सुरात निरोपाची आठवण. गद्य बोलणारी पात्रं असती तर हे दोन्ही एका वेळी सांगता आलं नसतं.

शेवटाला त्यानं मागं जाऊन स्टेशन परत लावायला सांगितलं. मग तुणतुण्याची तार छेडून म्हणाला, आख्यानात दुःखाच्या जागी आम्ही चाल बदलतो, ह्यांनी तीच ठेवली.

यादीत हा बराच नंतर. आधी दिला तर माणूस उठून जाईल.

१३ जुलै

'सिंगिन इन द रेन' (१९५२). चाळणीत नापास. बरीचशी गाणी त्याच कंपनीच्या जुन्या चित्रपटांतली, कथा त्यांच्याभोवती बेतलेली. कितीतरी गाळता येतील. तरी ठेवला, कारण नाच बघायला शिकायचं असेल तर जीन केली बघावा. कॅमेरा लांब राहतो, पायापासून डोक्यापर्यंत माणूस दिसतो, तुकडे कमी. नाच खरोखर झालाय हे डोळ्यांना पटतं. पोरगा खूष. मी चहा केला, दुसऱ्यांदा पावसाचं गाणं लावलं. जास्त लिहिण्यासारखं नाही.

२० जुलै

आज नाचाची मुख्य बाब. 'वेस्ट साइड स्टोरी', जुनी, १९६१ ची. रॉबर्ट वाइज आणि जेरोम रॉबिन्स दिग्दर्शक, संगीत लेनर्ड बर्नस्टाइन. रोमिओ-ज्युलिएटची कथा न्यूयॉर्कच्या दोन टोळ्यांत घातलेली.

सुरुवातीचा नाचच एवढ्यासाठी पाहिला. जवळजवळ शब्दाविना दोन टोळ्यांचं वैर, आणि तेही एका दिवसाचं नाही, बरेच दिवस साठत आलेलं. मी तीन वेळा थांबवून दाखवलं. पहिल्यांदा पोरं नुसती बोटांनी चुटक्या वाजवताहेत. मग चालताहेत, साधं चालणं, पण पावलं एका ठेक्यात. मग एकाचं पाऊल जरा लांब पडतं, हात उघडतो, आणि तो नाच झालेला असतो. चालणं कुठं संपलं ते बोट ठेवून सांगता येत नाही. यात कथा अशी : गल्ली ज्यांच्या ताब्यात आहे ते पसरून नाचतात, ज्यांना ती नाही ते आखडून. दुसऱ्या टोळीचा म्होरक्या एकटा असतो तेव्हा राग गिळतो. त्याला साथी मिळतात तसं त्याचं अंग मोकळं होतं. कुणाची जागा कुठली हे पायांनी सांगितलंय.

इथं त्यानं एक शंका काढली, आणि ती मला महत्त्वाची वाटते. "मग आमच्या लावणीत पाय दिसले नाहीत तर ती नकली का?" नाही. फडाच्या, ढोलकीच्या लावणीत पाय, चाळ, गिरकी दिसलीच पाहिजे. तिथं कॅमेरा सारखा तोंडावर गेला तर नाच लपवलाय असं समजावं. पण बैठकीच्या लावणीत बाई बसून अदा करते. एकाच ओळीला भुवई, मान, बोटं वेगवेगळा अर्थ देतात. तिथं जवळून दाखवणंच बरोबर. म्हणजे आधी नाच कुठल्या जातीचा ते ओळखायचं, मग कॅमेऱ्याला नावं ठेवायची.

मारामारीआधीचं पाच बाजूंनी मिळून गायलेलं गाणंही दाखवलं. दोन्ही टोळ्या, प्रेमी, एक मुलगी, सगळे एकाच रात्रीची वाट बघताहेत, प्रत्येकाचं कारण निराळं, आणि आवाज एकमेकांवर चढतात. हे एका नाईकाला करता येत नाही. तो एकामागून एक सांगतो. इथं एकाच वेळी.

२८ जुलै

'कॅबरे' (१९७२), बॉब फॉसी. 'पिंजरा'च्याच वर्षाचा, आणि पद्धतही तीच : गाणी बर्लिनच्या क्लबच्या मंचावरची, बाहेर नाझी वाढताहेत, आणि तो रंगवलेल्या चेहऱ्याचा सूत्रधार आतून बाहेरच्यावर टोमणे मारतो. एकच मोठं गाणं मंचाबाहेर येतं. बागेत एक गोरागोमटा पोरगा गोड गळ्यानं गातो, कॅमेरा हळूहळू खाली येतो आणि अंगावरचा गणवेश दिसतो. मग लोक एकेक करून उठून गायला लागतात. झील धरणाऱ्यांचा भाग इतका भीतीदायक मी दुसरीकडं पाहिला नाही. विषय मोठ्यांचा आहे, घरच्यांसमोर लावू नये. यादीत शेवटाकडं.

४ ऑगस्ट

यादी बहुतेक जमली होती, पण पहिला कुठला याचं समाधान नव्हतं. आज 'संत तुकाराम' (१९३६) पाहिला आणि ते सुटलं. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, विष्णुपंत पागनीस तुकाराम. व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झालेला.

सुरुवातीलाच तुकाराम अभंग गातो, डोळे मिटून, हलतही नाही. लगेच त्याचे अभंग आपले म्हणून खपवणारा सालोमालो तोच अभंग गातो. शब्द तेच. पण हा मंडळींकडं बघत, ताना मारत, हातवारे करत. दोन मिनिटांत दोन्ही माणसं समजली. कोण खरा, कोण चोर, एकही शब्द न बोलता. माझे तिन्ही प्रश्न यात आहेत : गाणारा बदलला, ऐकणारा बदलला (एकाचा विठ्ठल, दुसऱ्याची सभा), आणि गाणं संपताना वैर उभं राहिलं.

पोरगा जरा गप्प झाला, मग म्हणाला, "आमच्यात बी दोन्ही प्रकारचे नाईक आहेत." नावं विचारली नाहीत.

शांताराम आठवल्यांचं 'आधी बीज एकले' यात आहे. पुष्कळ लोक ते तुकोबांचाच अभंग समजतात. जुनी प्रत असेल तर आवाज खरखरतो, तेवढं सोसायचं.

९ ऑगस्ट

क्रम पक्का करून त्याला पाठवला : संत तुकाराम, लगान, पिंजरा, जैत रे जैत, सिंगिन इन द रेन, नटरंग, वेस्ट साइड स्टोरी, शेरबर्ग, कॅबरे. घरच्या भाषेतून बाहेर, आणि गद्य-गाणं मिसळलेल्यातून पूर्ण गाण्याकडं. प्रत्येकापुढं एकच सूचना लिहिलीय, काय बघायचं याची. कथा सांगितलेली नाही. नुसत्या 'शेरबर्ग'पुढं लिहिलंय की वीस मिनिटं धीर धर.

त्याचं उत्तर आलं : वडिलांना 'पिंजरा' नको म्हणून सांगितलंय, ते तमाशाला गोंधळाच्या ओळीत बसवत नाहीत; 'तुकाराम' आणि 'जैत रे जैत' मात्र घटस्थापनेच्या आत घरी लावणार आहे. शेरबर्गची मराठी फाईल हवीय. तिच्यातल्या दुसऱ्या भागाच्या वेळा अर्ध्या सेकंदानं मागं पडताहेत, त्या आधी सरकवायच्या आहेत.